भावंडांचं संमेलन: गळ्यातली पट्टी आणि भिंतीवरची वंशावळ एकाच तक्त्यातून

संमेलन ठरलं की आधी जेवणाचा बेत ठरतो, मग हॉल, आणि वंशावळीचं काम शेवटच्या आठवड्यात कुणातरी हौशी भाच्याच्या गळ्यात पडतं. तो बिचारा रात्रभर जागून बारा फुटी फ्लेक्स करवून आणतो. लोक त्यासमोर फोटो काढतात, पण समोर उभी असलेली बाई आपली नक्की कोण लागते हे कुणालाच कळत नाही. वंशावळ एकीकडे, नावाच्या पट्ट्या दुसरीकडे, आणि दोन्ही जोडणारं काहीच नाही, असं झालं की हमखास हे होतं. म्हणून या लेखात जेवण, खेळ आणि भेटवस्तू बाजूला ठेवून एवढंच पाहू: माणसाच्या गळ्यातला क्रमांक वाचून भिंतीवर त्याची जागा सापडली पाहिजे, आणि दोन पट्ट्या शेजारी धरल्या की नातं कळलं पाहिजे.

उदाहरणासाठी एक घर घेऊ. आजी-आजोबा मूळ जोडपं, त्यांची सहा मुलं: तीन मुलगे, तीन मुली. त्यांच्यापासून एकोणीस भावंडं. जोडीदार, पुढची पिढी, दोन खापरपणतू असे सगळे धरून ८२ नावं. त्यातली हयात ७३, येणार म्हणाले ५६.

मूळ कुठे धरायचं

पहिला निर्णय हाच, आणि तो हावरटपणाने घेऊ नका. कुलवृत्तांतात सापडलेल्या नवव्या पिढीपासून सुरुवात करायचा मोह होतो. पण ज्यांना बोलावलं आहे त्या सगळ्यांचं सर्वांत जवळचं समाईक जोडपं हेच मूळ. सगळी एकाच आजी-आजोबांची नातवंडं असतील तर तेच. दोन चुलत घराणी एकत्र येणार असतील तर पणजोबा-पणजी. त्याच्या वरचं सगळं एका ओळीत शीर्षफलकावर लिहिलं की पुरतं.

जुन्या छापील वंशावळीवरून सरळ नक्कल करू नका. त्यातल्या अनेकांत फक्त मुलगे धरलेले असतात, मुलीच्या नावापुढे फार तर सासरचं आडनाव आणि तिथे फांदी संपते. आते आणि मावस भावंडं बोलवायची आणि तक्त्यात त्यांच्या आया नाहीत, असं कसं चालेल? इथे सहाही मुलांच्या शाखा सारख्याच वजनाच्या.

क्रमांकाची पद्धत

प्रत्येक शाखेला एक अक्षर आणि एक रंग द्या. अक्षरं लांबून एकमेकांत मिसळणार नाहीत अशी निवडा: आमच्या उदाहरणात थोरल्यापासून क, च, ट, त, प, म. घ आणि ध, किंवा ख आणि रव यांची गल्लत होते म्हणून ती टाळली. नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरवा भेद न कळणारी माणसं प्रत्येक मोठ्या कुटुंबात असू शकतात, आणि हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली केशरी आणि लाल सारखेच दिसतात.

मग जन्मक्रमाने आकडे. ट शाखेच्या प्रमुखाची मुलं ट-१ ते ट-५. ट-३ ची मुलं ट-३-१, ट-३-२. जोडीदाराला तोच क्रमांक आणि पुढे ज: ट-३ज. म्हणजे क्रमांकात जितके आकडे तितकी पिढी खाली, हे डोळ्यांनीच कळतं. क-२ आणि ट-४ एका पिढीचे, ट-४-१ एक पायरी खाली.

शाखाप्रमुख मुलगा होता की मुलगी, हेही पट्टीवर यायला हवं, कारण मराठी नात्यांची सगळी मेख तिथे आहे. अक्षराभोवती चौकोन म्हणजे मुलगा, वर्तुळ म्हणजे मुलगी. आपल्या घरात क, ट, प चौकोनात. च, त, म वर्तुळात. आता एका पिढीतल्या दोन पट्ट्या शेजारी धरा. दोन्ही चौकोन: चुलत भावंडं. दोन्ही वर्तुळं: मावस भावंडं. एक चौकोन, एक वर्तुळ: चौकोनवाल्याला वर्तुळवाली आते भावंडं, वर्तुळवाल्याला चौकोनवाली मामे भावंडं. क-२ च्या दृष्टीने च-१ हा आतेभाऊ, आणि च-१ च्या दृष्टीने क-२ हा मामेभाऊ. या चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहून वंशावळीशेजारी लावा. हा कागद करायला दहा मिनिटं लागतात आणि दिवसभर गर्दी त्याच्यापुढे असते.

पिढ्या वेगळ्या असतील तर एक पायरी जास्त. च-१-२ ही मुलगी क-२ ला काय म्हणेल? आधी च-१ आणि क-२ चं नातं काढा: मामेभाऊ. मग च-१ तिचा बाप असेल तर क-२ काका, आई असेल तर मामा. मुलं हा खेळ मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

यातूनच एक नियम निघतो: पट्टीवर किंवा वंशावळीत कुठेही 'सुमनआत्या', 'नानाकाका' लिहू नका. जी क शाखेची आत्या तीच त शाखेची मावशी. फलकावर फक्त सुमन.

माहिती गोळा करणं

दहा आठवडे हाताशी ठेवा. सगळ्यांना फॉर्म पाठवून माहिती मागवली तर एकाच बाळाची नोंद आई, आजी आणि मावशी अशा तिघी तीन तऱ्हेने करतात, आणि ज्यांची माहिती खरंच हवी ती ज्येष्ठ माणसं फॉर्म उघडतही नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकली तर तासाभरात ती कुणाच्यातरी वाढदिवसाच्या केकखाली गडप होते. त्यापेक्षा प्रत्येक शाखेतून एक माणूस नेमा. त्याने फोनवर बसून आपल्या शाखेची माहिती घ्यायची. गूगल शीट एकच, आणि त्यात लिहिण्याची मुभा या सहा जणांनाच.

रकाने थोडेच ठेवा: क्रमांक, हाकेचं नाव, पूर्ण नाव, आई-वडिलांचा क्रमांक, जोडीदार, जन्मवर्ष, हयात की नाही, येणार की नाही. क्रमांकाच्या रकान्याला भरण्याआधीच साध्या मजकुराचं स्वरूप द्या (`Format → Number → Plain text`). अक्षर न लावता नुसते आकडे लिहायचं ठरवलंत तर हे विसरूच नका, कारण `1.10` लिहिलं की शीट त्याचं `1.1` करते, आणि दहावं भावंड पहिल्याच्या जागी जाऊन बसतं.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्याने एकच नाव तीन शाखांत सापडतं. पूर्ण नावाचा रकाना C मध्ये असेल तर शेजारच्या मोकळ्या रकान्यात हे सूत्र टाकून खाली ओढा. उत्तर एकाहून जास्त आलं की ती नोंद दुबार आहे की खरंच दोन माणसं आहेत, ते फोन करून विचारा.

```
=COUNTIF(C:C,C2)
```

माहेरचं आणि सासरचं नाव ही दुसरी गुंतागुंत. लग्नात नाव बदललेल्या आत्या माहेरी अजून कुसुम असतात आणि सासरच्यांना सुमतीच माहीत असते. दोन्ही लिहा: 'सुमती (माहेरची कुसुम)'. यातलं एक गाळलं तर अर्ध्या हॉलला ती बाई सापडणार नाही.

घटस्फोट, दुसरं लग्न, दत्तक मूल, अबोला धरलेला भाऊ यांच्याबाबत शाखेच्या प्रतिनिधीने आधीच त्या त्या माणसाला विचारावं, आणि हयात माणूस स्वतःबद्दल जे सांगेल ते अंतिम. दत्तक मुलाला वेगळी खूण, तुटक रेघ, काहीही नाही. तो त्या घराचा मुलगा आहे, क्रमांकही तसाच. लहानपणी गेलेलं भावंड लावायचं की नाही हे त्याच्या आईला, ती नसेल तर सख्ख्या भावंडांना विचारा. बऱ्याचदा त्यांना ते नाव तिथे हवं असतं आणि कुणी विचारलेलंच नसतं.

फलकावर जन्मवर्ष पुरे, आणि तेही कुणाला नको असेल तर नाही. पूर्ण जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक फलकावर घेऊ नका. लोक फोटो काढणार, तो दहा ग्रुपांवर फिरणार, आणि आईचं माहेरचं आडनाव हा अजूनही खातं पडताळण्याचा प्रश्न असतो. फलकावर ते आडनाव आपोआप येणारच, त्याला जन्मतारखेची जोड देण्याची गरज नाही.

संमेलनाच्या पंधरा दिवस आधी क्रमांक गोठवा. त्यानंतर "अगं, दोघींच्या मध्ये अजून एक भाऊ होता" असं कळलं तर फलकावर त्याची जागा जन्मक्रमाने द्या, पण क्रमांक मात्र पुढचा रिकामा. सगळ्यांचे आकडे सरकवायला गेलात तर अर्ध्या पट्ट्या नव्या आणि अर्ध्या जुन्या क्रमांकाच्या होतील.

वंशावळ: एक फ्लेक्स नको, सात फलक करा

वरून खाली पसरणारं झाड छान दिसतं, पण तिसऱ्या-चौथ्या पिढीत त्याची रुंदी हाताबाहेर जाते. आपल्या घरात चौथ्या पिढीत रक्ताची २६ नावं आहेत. एका ओळीत प्रत्येकाला सहा इंच दिले तर तेरा फूट होतात, आणि वरच्या दोन पिढ्यांभोवती नुसता रिकामा फ्लेक्स राहतो. छपाईवाला तो बसवण्यासाठी सगळंच लहान करतो, म्हणजे जी नावं पोरांना वाचायची आहेत तीच मुंगीएवढी होतात.

त्याऐवजी प्रत्येक शाखेचा स्वतंत्र फलक: दोन फूट रुंद, तीन फूट उंच, पाच मिलिमीटरचा सनबोर्ड. नावं एकाखाली एक, प्रत्येक पिढी डावीकडून दोन इंच आत सरकवलेली. सर्वांत मोठी ट शाखा घ्या: प्रमुख जोडप्याची एक ओळ, पाच भावंडं जोडीदारांसह पाच ओळी, त्यांची आठ मुलं, म्हणजे चौदा ओळी. वरचे पाच इंच शाखेचं अक्षर, रंग आणि प्रमुखांच्या फोटोला दिले तर एकतीस इंच उरतात, ओळीला दोन इंचांहून थोडं अधिक. त्यात अक्षराचा मुख्य भाग दीड सेंटिमीटरचा सहज बसतो, वरच्या मात्रा आणि खालच्या उकारांना जागा राहते, आणि चार-पाच फुटांवरून चष्म्याशिवाय वाचता येतं. सातवा फलक मूळ जोडप्याचा, मधोमध. त्याच्यापासून सहा रंगीत फिती सहा फलकांना जोडा, झाड दिसायला तेवढं पुरतं. दोन बाय तीनचा फलक चादरीत गुंडाळून दुपारच्या लोकलमध्ये किंवा टॅक्सीच्या मागच्या सीटवर जातो. लाकडी पट्ट्यांवर ताणलेला बारा फुटी फ्लेक्स जात नाही. थर्माकोल मात्र वापरू नका. सजावटीचं थर्माकोल राज्याच्या २०१८ च्या बंदीत आलं आहे.

छपाईत मराठी कुठे मोडते ते आधीच माहीत असावं. अनेक छपाईवाले अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम करतात. तुमचा मजकूर त्यांच्या संगणकावर चिकटवला की वेलांटी एका अक्षराने सरकते, जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून मजकूर पाठवू नका, तयार पीडीएफ पाठवा, आणि त्यातला मजकूर आकृतीत बदलून घ्या (कोरलमध्ये `Convert to Curves`, इंकस्केपमध्ये `Object to Path`). तरीही छपाईआधी पडद्यावरचा नमुना मागवून तीन गोष्टी तपासा. गोऱ्हे, कऱ्हाडे अशा आडनावांतला ऱ्ह 'र्ह' झालेला नाही ना? ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी? आणि श्री, ज्ञ, क्ष असलेली नावं अखंड आहेत ना? फॉन्ट मुक्तासारखा साधा, सरळ घ्या. लपेटेदार अक्षरं आमंत्रणाला ठीक, यादीला नाहीत.

फोटो फक्त शाखाप्रमुखांचे आणि मूळ जोडप्याचा. प्रत्येकाचा फोटो लावायला गेलात तर ज्याचा मिळाला नाही तो रिकामा चौकोन दिवसभर बोचत राहतो. मूळ जोडप्याचा फोटो बारा बाय पंधरा इंचांचा करायचा असेल तर इंचाला १५० ठिपक्यांच्या हिशेबाने १८०० बाय २२५० पिक्सेल लागतात, म्हणून तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न मागवता डॉक्युमेंट म्हणून मागवा. काचेच्या फ्रेममधला जुना फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, खिडकीशी बाजूने उजेड घ्या, आणि शक्य असेल तर फ्रेम उघडा. पण कागद काचेला चिकटलेला दिसला तर ओढू नका, फोटोवरचा थरच निघून येतो.

पट्ट्या

आधी प्लास्टिकची पाकिटं विकत घ्या, आतलं माप मोजा, मगच पट्टी आखा. उलटं केलं की साठ पट्ट्या कात्रीने कापत बसावं लागतं. ९५ बाय ६५ मिलिमीटरची पट्टी ए-फोर कागदावर दोन रांगांत चार-चार अशा आठ बसते. दोरीतलं पाकीट हमखास उलटतं, म्हणून नाव दोन्ही बाजूंना हवं. पाठपोट छपाईत दोन बाजू जुळत नाहीत, तेव्हा एकाच बाजूला दोनदा छापा आणि दोन कागद पाठीला पाठ लावून आत सरकवा. ५६ माणसांचे ११२ कागद, म्हणजे चौदा ए-फोर; न कळवता येणाऱ्यांसाठी प्रत्येक शाखेच्या रंगाच्या दोन कोऱ्या पट्ट्या आणि एक जाड मार्कर वेगळा.

सर्वांत मोठ्या अक्षरांत हाकेचं नाव. एकोणीस भावंडांना 'बंड्या' आठवतो, त्याचं कागदोपत्री नाव नाही. त्याला मात्र आधी विचारा. जावयांसमोर त्याला बंड्या व्हायचं नसेल. दुसऱ्या ओळीत पूर्ण नाव, तिसऱ्या ओळीत 'दत्ता आणि शैला यांचा मुलगा', आणि डाव्या कडेला रंगीत पट्टा, त्यात चौकोनातलं किंवा वर्तुळातलं अक्षर आणि क्रमांक. जोडीदारांच्या पट्टीवर तिसऱ्या ओळीत 'ट-३ चे यजमान' किंवा 'ट-३ ची बायको' न लिहिता जोडीदाराचं नाव लिहा. या घरात नवख्या असलेल्या माणसाला आकड्याने ओळखलं जाणं आवडत नाही.

लटकवायची सोय कपड्यांप्रमाणे. पैठणीला सेफ्टी पिन लावायला कुणी तयार होणार नाही, स्टिकर रेशमावर टिकत नाही आणि डिंकाचा डाग ठेवून जातो. दोरी सगळ्यांत बरी, पण बाजारातली दोरी लांब असते. पानावर वाकलं की पट्टी थेट आमटीत. मागे गाठ मारून ती छातीपर्यंत आणून ठेवा. चुंबकाच्या पट्ट्या देखण्या असतात, पण पेसमेकर बसवलेल्या ज्येष्ठांना त्या देऊ नका. सहा वर्षांखालच्या पोरांच्या गळ्यात दोरी नको, खेळताना अडकते. त्यांना पाठीवर स्टिकर लावा. पुढे लावलेला पाच मिनिटांत निघतो.

त्या दिवशी

मुंबईत तारीख ठरवताना हॉल आणि रेल्वे दोन्ही पाहावे लागतात. लग्नाच्या मुहूर्ताच्या रविवारी हॉल मिळत नाहीत. पौषात बरेच जण लग्न टाळत असल्याने तेव्हा सहसा मिळतात, आणि हवाही बरी असते. जागा दादरच्या आसपास असेल तर पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवरच्यांची सोय होते. मेगा ब्लॉक रविवारी सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत असतो आणि नेमका कुठे ते त्याच आठवड्याच्या शेवटी कळतं. म्हणून येण्याची वेळ साडेनऊ ते दहा आणि पांगण्याची पाचनंतर ठेवा, आणि शनिवारी ब्लॉकची बातमी ग्रुपवर टाका.

पट्ट्यांचं टेबल दारात, वंशावळ दारात नाही. दारात लावली की पहिले दहा लोक तिथेच थबकतात आणि मागचे जिन्यात उभे राहतात. फलक चहाच्या टेबलाच्या बाजूला लावा, कारण कप हातात घेऊन माणूस वाचत उभा राहतो. हॉलवाले भिंतीला खिळा किंवा चिकटपट्टी लावू देतात का हे आगाऊ विचारा. नाही म्हणाले तर डेकोरेटरकडून पडदा लावायची चौकट मागवा आणि फलक वरच्या दोन भोकांतून सुतळीने बांधा. खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर आणि वरची सहा फुटांवर राहिली की खुर्चीत बसलेल्या आजींनाही दिसतं.

टेबलावर पट्ट्या सहा रांगांत, शाखेप्रमाणे. रांगेत हाकेच्या नावाने लावा, आडनावाने नाही, कारण मुलींची आडनावं बदललेली असतात. टेबलाशी दोन वेगवेगळ्या शाखांची माणसं बसवा, म्हणजे येणाऱ्याला निदान एक तरी ओळखेल. साडेअकराला टेबलावर उरलेल्या पट्ट्या मोजा आणि केटररला आकडा द्या. आलेल्यांची यापेक्षा अचूक मोजणी दुसऱ्या कुठल्या मार्गाने होत नाही.

चुका निघणारच. फलकावर पेनाने खोडायला कुणाला देऊ नका. एकाने दुरुस्ती केली की दुसरा ती पुन्हा दुरुस्त करतो. फलकांजवळ पिवळ्या चिकटचिठ्ठ्या आणि एक माणूस ठेवा. प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक, काय चुकलं आणि सांगणाऱ्याचं नाव, एवढं लिहून ती त्याच ओळीशेजारी चिकटवायची. दोन चिठ्ठ्या एकमेकींच्या विरोधात असतील तर दोन्ही राहू द्या, संध्याकाळी त्या शाखेतल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला विचारा. निघण्याआधी सातही फलकांचे चिठ्ठ्यांसकट फोटो काढा, कारण वाटेत निम्म्या चिठ्ठ्या गळून पडतात.

आठवड्याभरात दुरुस्त्या शीटमध्ये घाला आणि नवी पीडीएफ सहा प्रतिनिधींना पाठवा. दोऱ्या आणि पाकिटं निघताना टोपलीत परत घ्या, आतला कागद ज्याचा त्याला द्या. प्रत्येक शाखेने आपापला फलक घरी न्यावा. दोन बाय तीनचा तुकडा मुंबईतल्या फ्लॅटमध्येही कपाटामागे सरकतो. मधला, मूळ जोडप्याचा फलक ज्या घरात रिकामी भिंत असेल तिथे.